शटरची चकाकी नंतर, आधी स्क्रू कशात बसलाय ते बघा

प्रश्न: "पुण्यात २ बीएचके फ्लॅटसाठी मॉड्युलर किचनची दोन कोटेशन्स आली आहेत. एक २ लाख १५ हजारांचं, दुसरं २ लाख ९० हजारांचं. दोन्हींत ॲक्रिलिक शटर, दोन्हींत सॉफ्ट क्लोज, आणि शोरूममध्ये दोन्ही सारखीच चकाचक दिसतात. बिजागऱ्या, चॅनेल आणि जोडकाम बघून दर्जा कसा ओळखायचा? नेमकं कुठे हात घालून बघायचं?"

उत्तर:

स्वयंपाकघरातलं कपाट तक्रारीला येतं तेव्हा ॲक्रिलिकमुळे क्वचितच येतं. शटर झुकलेलं असतं, ड्रॉवर मध्येच अडकत असतो, नाहीतर वरच्या कपाटाची पाठ सुटायला लागलेली असते. तिन्ही तक्रारी उघडून बघितल्या की बहुतेक वेळा एकाच जागी पोचायला होतं: लोखंड लाकडाला जिथे धरतं, ते स्क्रूचं भोक. बिजागरी कितीही भारी घेतली तरी तिचा स्क्रू भुसभुशीत बोर्डात बसला असेल तर ती त्या बोर्डाइतकीच टिकते. म्हणून दोन्ही शोरूममध्ये एकच प्रश्न मनात ठेवून फिरा: हा भार कुठून कुठे जातोय, आणि तिथे त्याला काय धरून ठेवतंय?

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. प्लाय म्हणजे चांगलं आणि पार्टिकल बोर्ड म्हणजे वाईट, इतकं सरळ गणित नाही. कोरड्या जागी, कारखान्यात मशिनवर भोकं पाडून, योग्य फिटिंगने जोडलेलं पार्टिकल बोर्डाचं कपाट नीट चालतं. १८ मिमीचा चांगला प्लाय घेऊन खिळे ठोकून उरकलेलं काम त्याच्याआधी खिळखिळं होतं. मात्र पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि स्क्रूची पकड सोडतो, ती परत येत नाही. त्यामुळे निदान सिंकखालच्या कपाटाचा बॉक्स उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायचा, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, घ्यावा असं माझं मत आहे. घर रत्नागिरी-मालवणकडे किंवा मुंबईत समुद्राजवळ असतं तर हार्डवेअरचा हिशेबही वेगळा केला असता. पुण्याच्या हवेत तेवढी गरज नाही.

आता बिजागरी. आपल्याकडे जिला ऑटो हिंज किंवा हायड्रॉलिक हिंज म्हणतात, तिची वाटी ३५ मिमी व्यासाची असते आणि शटरमध्ये साधारण १२ मिमी खोल बसते. शटर १८ मिमीचं असेल तर वाटीच्या मागे जेमतेम ६ मिमी माल उरतो. भोक हाताने, अंदाजाने पाडलं असेल तर दोन गोष्टी दिसतात. शटर बंद करून उजेडाकडे तिरकं बघितलं की वाटीच्या जागी पुढच्या बाजूला गोल फुगवटा किंवा खळगा जाणवतो. आणि शटर उघडल्यावर वाटीची कड लॅमिनेटला सपाट टेकलेली नसते, एका बाजूने किंचित उचललेली असते किंवा भोकाच्या कडा फाटलेल्या असतात. मशिनवर पाडलेल्या भोकाची कड कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ असते. हे ओळखायला अनुभव लागत नाही, नुसतं शटर उघडून वाकून बघावं लागतं.

सॉफ्ट क्लोज हा दर्जाचा पुरावा मानू नका. तो डॅम्पर शटर शेवटच्या टप्प्यात हळू आणतो एवढंच, आणि त्याच गुणामुळे ढिली बिजागरी झाकतो. साध्या बिजागरीत ढिलेपणा शटर आपटताना ऐकू येतो. डॅम्पर असला की शटर अलगद बंद होतं आणि आतली खिळखिळ कळत नाही. म्हणून शटर पूर्ण उघडा, हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा दोन बोटांनी धरा आणि हलकेच वर-खाली करा. थोडी हालचाल प्रत्येक बिजागरीत असते. महत्त्वाचं हे की ती कुठे होते. दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीवर ठेवा. हालचाल रिव्हेटच्या सांध्यात असेल तर बिजागरीच हलक्या पत्र्याची आहे. बिजागरीचा दांडा प्लेटवर हलत असेल तर क्लिप नीट बसलेली नाही, ते एका मिनिटाचं काम आहे. पण प्लेटच बॉक्सच्या बाजूवर हलत असेल तर स्क्रूने पकड सोडली आहे. शोरूममधल्या नमुन्यात हे दिसलं तर तुमच्या घरी दोन वर्षांत काय होईल ते कळलंच.

प्लेटच्या खालीही बघा. तिथे लॅमिनेटचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सरकवलेला दिसला तर चुकीच्या क्रँकची, म्हणजे दांड्याला चुकीचा बाक असलेली, बिजागरी वापरून पॅकिंगवर निभावलं आहे. शटर बॉक्सची कड पूर्ण झाकत असेल तर सरळ म्हणजे झिरो क्रँक, मधल्या एकाच फळीवर दोन शटर येत असतील तर ८ किंवा ९ क्रँक, आणि शटर बॉक्सच्या आत बसत असेल तर १६ क्रँक लागते. दुकानात आकडे कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, प्रकार हेच तीन. पॅकिंगवर बसलेल्या प्लेटचा स्क्रू तेवढा कमी आत जातो. बहुतेक ठिकाणी तो १६ मिमीचाच असतो, त्यातले दोन-तीन मिमी गेले तर पकडीत फरक पडतो.

आणखी एक खूण आहे, ती फार थोडे लोक बघतात. बिजागरीच्या दांड्यावर ॲडजस्टमेंटचे स्क्रू असतात. शटर डावी-उजवीकडे, आत-बाहेर सरकवता येतं, आणि प्लेटवरून वर-खाली. प्रत्येक दिशेला वाव दोन-तीन मिमीचाच असतो. नव्याकोऱ्या कपाटात हे स्क्रू पार शेवटापर्यंत फिरवलेले असतील तर बॉक्स गुण्यात नाही आणि ती चूक बिजागरीने लपवली आहे. वर्षभराने शटर थोडं उतरलं की सुधारायला काही शिल्लक नसतं.

बिजागऱ्यांची संख्या कोटेशनमध्ये सहसा लिहिलेली नसते, ती मोजून घ्या. ९०० मिमी उंचीपर्यंत २, १६०० पर्यंत ३, त्यापुढे ४ किंवा ५. ६०० बाय ७२० मिमीचं १८ मिमी एमडीएफचं शटर सुमारे ६ किलोचं असतं, त्याला दोन पुरतात. तेच एमडीएफ वापरून २१०० मिमी उंच आणि ४५० रुंद टॉल युनिटचं शटर केलं तर ते १३ किलोच्या आसपास जातं. तिथे चारच्या खाली जाऊ नये. स्वस्त कोटेशनमध्ये तिथे तीन निघतात.

स्टेनलेस स्टीलबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेड, असं विक्रेते दाखवतात. २०२ ग्रेडलाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे या चाचणीने दोन्हींतला फरक कळत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि कुठलीही बिजागरी असो, सिंकखाली टॉयलेट साफ करायचं ॲसिड ठेवू नका. झाकण घट्ट असलं तरी त्याची वाफ कोंदट जागेत साठते आणि काही महिन्यांत निकेलचा मुलामा खाते. गंज नेमका सिंकखालच्याच बिजागऱ्यांवर आला की पाण्याबरोबर ती बाटलीही तपासायची.

ड्रॉवरच्या चॅनेलकडे येऊ. तुमच्या दोन कोटेशन्समधला मोठा फरक इथेच असण्याची शक्यता आहे. साधारण तीन प्रकार भेटतात. पांढरे रोलर चॅनेल अर्धे-पाऊण उघडतात, किचनमध्ये नकोत. बॉल बेअरिंगचे तीन पट्ट्यांचे टेलिस्कोपिक चॅनेल पूर्ण उघडतात. आणि ड्रॉवरच्या तळाखाली लपणारे, ज्यांना बाजारात सरसकट टँडम म्हणतात. चांगल्या प्रतीचा आणि नीट बसवलेला टेलिस्कोपिक चॅनेल घरगुती किचनला पुरेसा आहे. टँडम दिसायला सुबक आणि चालायला मऊ असतो, पण ड्रॉवरच्या मापातली चूक तो सहन करत नाही. हाताने काम करणाऱ्या सुताराकडून टँडम घेण्यापेक्षा चांगला टेलिस्कोपिक घेतलेला बरा.

मापाचं एक उदाहरण घेऊ. ६०० मिमीचं बेस युनिट आहे, बाजू १८ मिमीच्या. आतली रुंदी ५६४ मिमी. टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी जागा लागते. म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी ५३८ मिमी हवी. सुताराने ५३४ केली तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी जास्त जागा उरते. मग चॅनेलखाली वॉशर किंवा लॅमिनेटच्या चकत्या घालतात, किंवा तेही न करता स्क्रू आवळून चॅनेल ताणतात. ताणलेल्या चॅनेलमध्ये गोळ्या एका कडेवर घासतात. सुरुवातीला आवाज येतो, मग ड्रॉवर शेवटच्या टप्प्यात जड होतो, मग गोळ्या बाहेर पडतात. रुंदी ५४० च्या वर गेली तर ड्रॉवर आत घासतच जातो. चार मिमीच्या चुकीने चांगला चॅनेल वाया जातो. म्हणून चॅनेलची कंपनी विचारण्याआधी ड्रॉवर बाहेर काढून बाजूला वॉशर आहेत का ते बघा.

आता स्क्रूचं गणित. २५ किलो भांड्यांनी भरलेला ५०० मिमी खोल ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढलात, तर भाराचा मध्य कपाटाच्या तोंडापासून २५० मिमी पुढे येतो. एका बाजूच्या चॅनेलवर १२.५ किलो. बॉक्सच्या बाजूला पहिला स्क्रू तोंडापासून ३७ मिमीवर आहे आणि शेवटचा ४५० वर. पुढचा स्क्रू टेकूसारखा काम करतो आणि मागचा वर उचलला जाऊ पाहतो. हिशेब केला तर मागच्या स्क्रूवर साधारण ९ किलोचा वर ढकलणारा जोर आणि पुढच्यावर २१ किलोचा खाली दाबणारा जोर येतो. आता मागे हात पोचत नाही म्हणून शेवटचा स्क्रू मध्यावरच, २२४ मिमीवर मारला, तर तेच आकडे १९ आणि ३२ होतात. माल तोच, चॅनेल तोच, फक्त एका स्क्रूची जागा बदलली आणि मागच्या भोकावरचा ताण दुपटीहून जास्त झाला. हा मागचा स्क्रू राहून जाणं हा नेहमीचा कामचुकारपणा आहे, कारण खोल बॉक्समध्ये स्क्रूड्रायव्हर सरळ जात नाही. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. ५०० च्या चॅनेलला पुढे, मध्ये आणि पार मागे असे किमान तीन स्क्रू दिसले पाहिजेत.

स्क्रू कोणत्या भोकात आहेत हेही बघा. चॅनेलवर लांबट भोकं असतात ती लेव्हल करण्यासाठी, आणि गोल भोकं असतात ती लेव्हल झाल्यावर जागा कायम करण्यासाठी. फक्त लांबट भोकांतच स्क्रू असतील तर ड्रॉवर भाराने हळूहळू उतरतो आणि शटरची फट खाली कमी, वर जास्त दिसायला लागते. स्क्रूचं डोकं चपटं आणि पत्र्यात बुडलेलं हवं. उभं राहिलेलं डोकं मधल्या पट्टीला घासतं. ड्रॉवर ओढताना दर वेळी ठरावीक जागी "खट्ट" वाजत असेल तर बहुधा तेच कारण असतं.

शोरूममध्ये ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून पुढच्या कडेवर तळहाताने चांगला दाब द्या, मग डावी-उजवीकडे हलवून बघा. शक्य असेल तर त्यात दोन पाण्याचे कॅन ठेवायला सांगा. रिकामा ड्रॉवर सगळेच छान चालतात. ओढताना वाळू दळल्यासारखी करकर जाणवली तर गोळ्यांत भुसा गेला आहे, म्हणजे चॅनेल बसवल्यानंतर जवळच कापाकापी झाली आहे. चॅनेलवर ३५ किंवा ४५ किलो लिहिलेलं असतं. तो आकडा जोडीचा असतो, ठरावीक लांबीसाठी असतो आणि भार पसरून ठेवला आहे असं धरलेलं असतं. तांदळाचा डबा, तेलाचा कॅन आणि मिक्सरची भांडी एकाच खणात जाणार असतील तर ४५ चाच घ्या.

जोडकामाचं परीक्षण शोरूममध्ये सर्वांत अवघड असतं, कारण तिथली कपाटं भिंतीला आवळलेली असतात. भिंतच त्यांना उभी धरते. म्हणून दोघांनाही सांगा की कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये भिंतीला न लावलेला एक बेस युनिटचा बॉक्स बघायचा आहे. जो दाखवायला कां-कू करतो त्याच्याबद्दल मला शंका येते.

बॉक्स मिळाला की वरचा एक कोपरा धरून तिरका ढकला. चांगला बॉक्स एका ठोकळ्यासारखा हलतो. वाईट बॉक्स आधी वाकतो, मग हलतो. ही ताकद मुख्यतः पाठीच्या प्लायमधून येते. पाठ बाजूंमध्ये खाच पाडून सरकवलेली असेल तर ती चारही बाजूंना पकडून बॉक्स गुण्यात ठेवते. मागून नुसती ठोकलेली असेल तर सगळा जोर त्या छोट्या खिळ्यांवर येतो. मागे जाऊन बघा: खाच असेल तर पाठ बाजूच्या कडेपासून आत सरकलेली दिसते, ठोकलेली असेल तर कडेला सपाट बसलेली आणि खिळ्यांची रांग असलेली दिसते.

मग मोजपट्टी काढा आणि दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय ७२० च्या बॉक्सचा कर्ण सुमारे ९३७ मिमी येतो. आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही कर्ण सारखे हवेत. दोन मिमीपर्यंत फरक ठीक, पाच-सहा आला तर शटरच्या फटी पाचरीसारख्या दिसणार. बसवून झाल्यावर हीच मोजणी घरी पुन्हा करा. आपल्या इमारतींच्या भिंती क्वचितच सरळ असतात, आणि सरळ बॉक्स वाकड्या भिंतीला आवळला की तोही वाकतो. मागे पॅकिंग देऊन मगच आवळायला हवा.

फळ्या एकमेकींना कशाने जोडल्या आहेत हे विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवा. "आम्ही गम लावून खिळे मारतो" हे उत्तर साध्या प्लायला चालू शकतं, कारण तिथे लाकूड लाकडाला चिकटतं आणि खिळे गम सुकेपर्यंतच लागतात. पण हल्ली बहुतेक बॉक्स दोन्ही बाजूंनी आधीच लॅमिनेट केलेल्या बोर्डाचे असतात. पांढरा गम लॅमिनेटच्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही. मग तिथे गम नावालाच असतो आणि सगळा भार गनने मारलेल्या बारीक खिळ्यांवर येतो. अशा बोर्डाला आधी भोक पाडून मारलेले ५० मिमीचे स्क्रू, किंवा मिनिफिक्स, म्हणजे फिरवून आवळायची जोडफिटिंग, आणि त्याच्यासोबत लाकडी डॉवेल, म्हणजे खुंट्या, हवेत. मिनिफिक्स फळ्या ओढून धरतो, डॉवेल भार पेलतो. डॉवेल न घालता फक्त मिनिफिक्स लावला असेल तर तो काही काळाने ढिला पडतो. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घुसवला की थर उकलतात. कडेवर बारीक चीर दिसते, ती एज बँडिंगखाली लपलेली असू शकते, म्हणून कडेवरून नख फिरवा. तिथे उंचवटा लागतो.

वरच्या कपाटांत हयगय नको. ९०० रुंद कपाटात स्टीलचे डबे आणि काचेच्या ताटल्या भरल्या की ४०-५० किलो सहज होतात. ते कपाट ६ मिमीच्या पाठीतून भिंतीत स्क्रू मारून टांगलेलं असेल तर पाठ फाटून खाली येऊ शकतं. पाठीमागे वर १८ मिमीची पट्टी बाजूंना स्क्रूने जोडलेली हवी आणि भिंतीचे स्क्रू तिच्यातून जायला हवेत, किंवा बाजूंनाच बसवलेले हँगिंग ब्रॅकेट हवेत. हे नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही मी ते काम घेऊ नका असं सांगेन.

ड्रॉवरचा तळही पलटून बघा. तळ खाचेत बसलेला असेल तर दाबल्यावर हलत नाही. खालून खिळ्यांनी ठोकलेला असेल तर भांड्यांचं वजन सरळ खिळे बाहेर ढकलतं, आणि वर्षा-दोन वर्षांत मागच्या बाजूने तळ लोंबायला लागतो. ५०० मिमी रुंद ड्रॉवरला ६ मिमीचा तळ भरलेल्या वजनाखाली खाली झुकतो. जड भांड्यांच्या खणाला ९ किंवा १२ मिमी मागा.

आता तुमचे ७५ हजार. दोन्ही कोटेशन्समध्ये बहुधा "हेटिच किंवा समकक्ष" असं काहीतरी लिहिलेलं असेल. तो "समकक्ष" शब्द काढायला सांगा. बिजागरीची कंपनी आणि मॉडेल, प्रत्येक शटरला किती, चॅनेलची लांबी आणि किलो, बॉक्सचा बोर्ड आणि त्याचा आयएस क्रमांक, पाठीची जाडी आणि ती खाचेत की ठोकलेली, जोड कशाने, वरची कपाटं कशी टांगणार, एवढं दोघांकडून एकाच नमुन्यात लिहून घ्या. मग स्वस्तवाल्याला महागवाल्याच्या यादीप्रमाणे नवा आकडा द्यायला सांगा. तो २ लाख ७०-८० हजारांवर आला तर किमतीतला फरक मालाचाच होता. तो २ लाख २५-३० च्या आसपास राहिला आणि वर्कशॉपमधला बॉक्स वर सांगितल्याप्रमाणे निघाला, तर खुशाल त्याच्याकडून करा. माल आल्यावर बसवण्याआधी कोणत्याही एका बिजागरीच्या प्लेटचा एक स्क्रू काढून परत लावून बघा. शेवटी तो घट्ट होऊन थांबला पाहिजे. नुसता गोल फिरत राहिला तर तो बॉक्स तिथेच परत पाठवा.